ऊस, खताची पोती आणि पाण्याच्या पाळ्या: रिग्रेशनचे उत्तर बिघडते तेव्हा काय तपासावे

चिकोडी, निपाणी, रायबाग आणि अथणी या उसाच्या पट्ट्यातून एम.ए.चे आणि पीएच.डी.चे विद्यार्थी शेतकऱ्यांच्या सर्वेक्षणाची वही घेऊन माझ्याकडे येतात. गावे वेगळी असतात, प्रश्नावली कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये असते, पण बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. एकरी उत्पादनावर खताचा परिणाम किती, हे त्यांना किमान वर्ग पद्धतीने काढायचे असते आणि खताचा सहगुणक काही केल्या पटण्याजोगा येत नाही. हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. तोच येथे लिहितो. सर्वांत स्वस्त तपासणी आधी आणि शेतात परत जावे लागेल ती शेवटी, असा तो क्रम आहे.

लक्षणे

पहिले लक्षण असे की पूर्ण समीकरणाचा आर-वर्ग चांगला असतो, एफ-चाचणी ठणठणीत असते, पण खताची पोती आणि पाण्याच्या पाळ्या यांपैकी एकाही सहगुणकापुढे सांख्यिकीय महत्त्व दाखवणारा एकही तारा उमटत नाही. दुसरे असे की एक चल काढला किंवा घातला की उरलेल्याचा सहगुणक दीडावरून अडीचावर उडी मारतो. तिसरे असे की अवशेषांचा आलेख नरसाळ्यासारखा दिसतो, म्हणजे एका टोकाला ठिपके दाटीने आणि दुसऱ्या टोकाला विखुरलेले. चौथे लक्षण सर्वांत फसवे आहे, कारण त्यात काहीच बिघडलेले दिसत नाही. सहगुणकाला तीन तारे असतात, प्रमाण त्रुटी लहान असते, आलेख स्वच्छ असतो आणि तरीही उत्तर चूक असते.

या लक्षणांच्या मागे तीन दोष असतात. महत्त्वाचा चल समीकरणाबाहेर राहिला तर सहगुणकच खऱ्या आकड्यापासून सरकतो. याला ऑमिटेड व्हेरिएबल बायस म्हणतात. दोन चल एकमेकांच्या बरोबरीने चालत असतील तर सहगुणक सरासरीने बरोबर राहतो, पण प्रमाण त्रुटी फुगते, ही मल्टिकॉलिनिअॅरिटी. आणि अवशेषांचा पसारा सगळीकडे सारखा नसेल तर सहगुणक निःपक्ष राहतो, पण संगणकाने नेहमीच्या सूत्राने छापलेली प्रमाण त्रुटीच विश्वासार्ह राहत नाही, ही हेटेरोस्केडॅस्टिसिटी. बहुतेकांची चूक या तिघांपैकी एकाच्या औषधाने दुसरा दोष ओढवून घेण्यात होते, आणि त्यातही दुसऱ्याच्या औषधाने पहिला.

पहिली तपासणी: क्षेत्राची एकके (खर्च शून्य)

संगणकाला हात लावण्याआधी वहीतील क्षेत्राचा रकाना वाचावा. आपल्याकडे उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते, आणि सर्वेक्षण करणारा मुलगा 1 एकर 20 गुंठे हे सरळ 1.20 असे लिहितो. एकरात 40 गुंठे असल्याने हे क्षेत्र खरे दीड एकर आहे, पण संगणक ते 1.2 वाचतो. त्या शेतात 60 टन ऊस निघाला असेल तर एकरी 40 टनांऐवजी 50 टन दिसतात. 30 गुंठ्यांचा तुकडा 0.30 लिहिला गेला तर गोंधळ आणखी मोठा होतो, कारण पाऊण एकरातील 30 टन हे संगणकाच्या लेखी एकरी 100 टन होतात. एकरी शंभर टनांचे स्वप्न आपल्या भागात अनेकांचे आहे, पण एका वहीत ते सहा जणांनी आणि तेही केवळ लहान तुकड्यांवर गाठले असेल, तर आधी रकाना तपासावा.

सीमेवर याला एक जास्तीची गाठ आहे. सर्वेक्षणात निपाणीच्या गावांसोबत महाराष्ट्रातील कागल तालुक्यातील गावेही घेतली असतील तर तिकडच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. तेथे 1.20 म्हणजे 1 हेक्टर 20 आर, अर्थात जवळजवळ तीन एकर. एकाच रकान्यात एकच आकडा नदीच्या अलीकडे दीड एकर आणि पलीकडे तीन एकर असतो.

ही तपासणी पहिली का, तर अशा चुकीने लहान तुकड्यांच्या बाजूला ठिपके उंच उडतात आणि आलेखावर हुबेहूब नरसाळे उभे राहते. विद्यार्थी त्याला हेटेरोस्केडॅस्टिसिटी समजून मोठमोठी औषधे देतो, आणि खरा रोग मात्र दशांश चिन्हात असतो. एका विद्यार्थ्याची तीन महिन्यांची अडचण याच कारणाने एका दुपारी सुटली होती. त्याच बैठकीत खताचे पोतेही तपासून घ्यावे, कारण युरियाचे पोते 45 किलोचे आणि डीएपीचे 50 किलोचे असते, आणि दोन्हींतील नत्र तर फारच वेगळे. नुसती पोती मोजणे चालते का, हे स्वतःला विचारावे.

दुसरी तपासणी: अवशेषांचा पसारा (दोन ओळींचा खर्च)

एकके दुरुस्त झाल्यावर समीकरण चालवावे आणि अंदाजित उत्पादनासमोर अवशेष मांडावेत. आर ही संगणकीय भाषा वापरत असाल तर एवढे पुरते:

```r
m <- lm(utpanna ~ poti + pali, data = us)
plot(fitted(m), resid(m))
library(lmtest); library(sandwich)
coeftest(m, vcov = vcovHC(m, type = "HC3"))
```

येथे `utpanna` एकरी टनांत, `poti` एकरी खताची पोती आणि `pali` हंगामातील पाण्याच्या पाळ्या आहेत.

नरसाळे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे कालव्याचे किंवा उपसा योजनेचे पाणी हमखास आहे, त्याचे उत्पादन फारसे हलत नाही, आणि ज्याची मदार विहिरीच्या शिलकीवर आणि पावसावर आहे, त्याचे एखाद्या शेतात 25 टन निघते तर बांधापलीकडे 45. पसारा असमान असणे हा शेतीचा स्वभावच आहे. त्याने सहगुणक एका बाजूला झुकत नाही. बिघडते ते नेहमीचे प्रमाण त्रुटीचे सूत्र, कारण ते सर्व ठिपक्यांचा पसारा एकच धरून चालते.

अनेकांना वाटते की ही दुरुस्ती केली की प्रमाण त्रुटी नेहमी वाढते. तसे नाही. खताच्या अगदी कमी किंवा अगदी जास्त मात्रेपाशी पसारा मोठा असेल तर नेहमीचे सूत्र त्रुटी कमी दाखवते, आणि पसारा सरासरी मात्रेपाशी मोठा असेल तर ते उलट जास्त दाखवते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हाल्बर्ट व्हाइट यांनी 1980 मध्ये जी दुरुस्ती मांडली, तिचे मूळ रूप पन्नास-साठ नोंदींच्या नमुन्यात त्रुटी कमी दाखवते. लहान नमुन्यासाठी तिचे `HC3` हे रूप, जे मॅकिनन आणि व्हाइट यांनी 1985 मध्ये तपासले, अधिक सुरक्षित आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत क्वचितच दोनशेच्या वर शेतकरी असतात, त्यामुळे मी डोळे मिटून तेच वापरायला सांगतो. ब्रूश-पेगन चाचणी करून मग ठरवू, असा द्राविडी प्राणायाम करण्याची गरज नाही.

या दुरुस्तीच्या मर्यादा मात्र दोन आहेत. ती सहगुणकाची प्रमाण त्रुटी सुधारते, पण एखाद्या ठरावीक शेतात किती ऊस निघेल याचा अंदाज देताना त्या शेताचा पसारा किती, हे ती सांगत नाही. आणि सहगुणकच चुकीच्या जागी असेल तर ती त्याच चुकीच्या जागेभोवती नीटनेटके कुंपण घालून देते, एवढेच.

आलेखाकडे आणखी एकदा पाहण्यासारखे असते. कधी कधी नरसाळे हे नरसाळे नसून दोन पट्टे असतात, जे डावीकडे एकत्र असतात आणि उजवीकडे फाकत जातात. ठिपक्यांना लागण आणि खोडवा असे दोन रंग दिले की पट्टे वेगळे होतात. लागणीच्या उसाला खत जास्त लागू पडते आणि खोडव्याला कमी, पण समीकरणात दोघांना एकच उतार दिलेला असतो. असे दिसले तर प्रमाण त्रुटी दुरुस्त करून पुढे जाणे चूक ठरेल. येथे पसारा हा वगळलेल्या चलाचा माग दाखवत असतो.

तिसरी तपासणी: पोती आणि पाळ्या एकत्र चालतात का

आता मुख्य तपासणी. येथे मी विद्यार्थ्यांना एक घडवलेले उदाहरण देतो. आकडे खऱ्या सर्वेक्षणाचे नाहीत. ते मीच जुळवलेले आहेत, म्हणजे खरे उत्तर आधीपासून ठाऊक असते. 60 शेतकरी घ्या. सरासरी एकरी 6 पोती आणि 20 पाळ्या. खरे नाते असे की एक पोते वाढवले, पाणी तेवढेच ठेवले, तर एकरी 1.5 टन वाढतात, आणि एक पाळी वाढवली, खत तेवढेच ठेवले, तर 0.8 टन. बाकी सगळ्या कारणांनी होणारा पसारा 4 टनांचा. आणि खत व पाणी एकमेकांना घट्ट बांधलेले, म्हणजे त्यांचा सहसंबंध 0.95.

हे बांधलेपण काल्पनिक वाटत असेल तर शेतकऱ्याला विचारावे. दूधगंगेच्या काठच्या एका गावात माझा विद्यार्थी प्रश्नावली भरत होता. "काका, तुम्ही पोती किती घालायची हे कसं ठरवता?" असे त्याने विचारले. काकांनी मोटारीच्या पेटीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "पाणीच नसलं तर खत घालून काय करायचं रे? पाणी बघून पोती." तो 0.95 या एका वाक्यात आहे.

असे आकडे समीकरणात घातले की पोत्यांचा सहगुणक 1.5 येतो, पण त्याची प्रमाण त्रुटी 0.83. पाळ्यांचा 0.8 येतो आणि त्याची त्रुटी 0.63. दोघांनाही 5 टक्क्यांच्या पातळीवर तारा मिळत नाही. एफ मात्र 47च्या घरात जातो. हेच ते पहिले लक्षण.

0.83 कुठून आला ते हाताने करून पाहावे. दोन्ही चलांचा एकमेकांशी संबंध नसता तर पोत्यांच्या सहगुणकाची त्रुटी 0.26 आली असती. सहसंबंधाचा वर्ग सुमारे 0.90, म्हणजे पोत्यांमधील चढउतारांपैकी 90 टक्के पाळ्यांनीच सांगून झाले आणि खताचा स्वतंत्र परिणाम ओळखण्यासाठी उरला केवळ दहावा हिस्सा. त्या दहाव्या हिश्श्यावर सगळी मदार असल्याने विचरण सुमारे 10.3 पटीने फुगते. हाच व्हीआयएफ. त्याचे वर्गमूळ 3.2, आणि 0.26 गुणिले 3.2 म्हणजे 0.83. यात कोठेही सहगुणक झुकलेला नाही. तुमच्या 60 शेतकऱ्यांत खत वाढले पण पाणी वाढले नाही, असे शेतकरी फार थोडे आहेत, एवढेच संगणक प्रामाणिकपणे सांगतो आहे.

नेमके येथे फोन येतो. "सर, व्हीआयएफ दहाच्या वर आहे. पाळ्यांचा रकाना काढून टाकू का?"

काढून पाहावे, म्हणजे काय होते ते कळते. पाळ्या काढताच पोत्यांचा सहगुणक 2.5 होतो, प्रमाण त्रुटी 0.26 वर उतरते, टी साडेनऊच्या आसपास जातो आणि तीन तारे झळकतात. 95 टक्क्यांचे विश्वास-अंतराळ 1.98 ते 3.02 असे येते. खरे उत्तर 1.5 आहे, आणि ते या अंतराळात नाही. पाळ्या ठेवल्या होत्या तेव्हाचे अंतराळ -0.16 ते 3.16 असे ओबडधोबड होते, पण 1.5 त्याच्या आत होता. मल्टिकॉलिनिअॅरिटीचे औषध म्हणून चल काढला आणि वगळलेल्या चलाचा दोष घरात घेतला. आधीचे उत्तर अनिश्चित होते, आताचे ठामपणे चुकीचे आहे. आणखी शेतकरी गोळा केले तर पहिले सुधारेल, दुसरे मात्र अधिकाधिक ठामपणे चुकत जाईल, कारण नमुना वाढला की प्रमाण त्रुटी आक्रसते आणि झुकाव तसाच राहतो.

2.5 हा आकडा हवेतून आलेला नाही. या उदाहरणात एक पोते जास्त घालणारा शेतकरी सरासरीने 1.25 पाळ्या जास्त देतो. पाळ्या समीकरणात नसल्या की त्यांचे श्रेय पोत्यांच्या खात्यात जमा होते:

```
2.5 = 1.5 + 0.8 × 1.25
```

डावीकडे पाळ्या नसताना मिळालेला सहगुणक, उजवीकडे पोत्यांचा स्वतःचा परिणाम आणि त्यात पाळ्यांचा परिणाम गुणिले पाळ्यांची पोत्यांशी असलेली बांधणी. हे समीकरण अंदाजाचे नसून कोणत्याही नमुन्यात तंतोतंत जुळते. स्वतःच्या वहीवर तीन वेळा `lm` चालवून ते पडताळावे. मी प्रत्येकाला हे करायला लावतो, कारण एकदा जुळलेले पाहिले की रकाना काढून टाकण्याचा मोह कायमचा जातो.

मग करायचे काय? पहिला प्रश्न असा की तुम्हाला नक्की काय विचारायचे आहे. खत आणि पाणी दोन्ही मिळून उत्पादनाशी निगडित आहेत का, एवढेच हवे असेल तर दोघांची एकत्र चाचणी करावी. शेतकरी जसे खत-पाणी जोडीने वाढवतो तसे वाढवले तर किती फायदा, हे हवे असेल तर तेही मिळते:

```r
library(car)
vif(m)
linearHypothesis(m, c("poti = 0", "pali = 0"))
linearHypothesis(m, "poti + 1.25*pali = 0", verbose = TRUE)
```

शेवटच्या ओळीतील बेरीज 1.5 अधिक 1.0, म्हणजे पुन्हा 2.5, आणि तिची प्रमाण त्रुटी 0.26. म्हणजे वही एका प्रश्नाचे उत्तर अचूक देते आणि दुसऱ्याचे देत नाही. एक पोते आणि त्यासोबत सव्वा पाळी असा जोडप्रश्न विचारला तर 2.5 हे योग्य उत्तर आहे. पाणी तेवढेच ठेवून फक्त एक पोते, असे विचारले तर ते चूक आहे. प्रबंधाच्या निष्कर्षात "एका पोत्यामागे अडीच टन" असे लिहिले की ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले जाते, आणि ज्याच्याकडे पाणी नाही असा शेतकरी खत विकत घेऊन बसतो.

फक्त खताचाच परिणाम हवा असेल तर शेतात परत जावे लागते. नुसती संख्या वाढवून त्रुटी निम्मी करायची तर 60चे 240 शेतकरी करावे लागतील. त्यापेक्षा खत आणि पाण्याची जोडी जेथे तुटलेली आहे असे शेतकरी शोधणे स्वस्त पडते. हंगामाच्या मध्यावर मोटार जळाली पण खत आधीच घालून झाले होते, पाणी भरपूर पण सोसायटीचे कर्ज वेळेवर न मिळाल्याने पोती कमी पडली, असे शेतकरी प्रत्येक गावात निघतात. तेवढ्याच 60 जणांच्या नमुन्यात अशांचे प्रमाण वाढवून सहसंबंध 0.95 वरून 0.90 वर आला, तर त्रुटी 0.83 वरून 0.60 पर्यंत उतरते, आणि 1.5 ला तारा मिळतो. अमेरिकी अर्थमितिज्ञ आर्थर गोल्डबर्गर यांनी मल्टिकॉलिनिअॅरिटीच्या बागुलबुवाची थट्टा करण्यासाठी "मायक्रोन्युमेरॉसिटी" असा शब्द घडवला होता. नमुना लहान असण्यालाही असेच भारदस्त नाव का देऊ नये, असा त्यांचा रोख होता. मुद्दा खरा आहे. दोन्हींत उणीव माहितीचीच असते.

व्हीआयएफ दहाच्या वर म्हणजे दोष, हा नियम म्हणूनच मी मानत नाही. व्हीआयएफ तीस असूनही प्रमाण त्रुटी कामापुरती लहान असेल तर काही करायचे नाही. आणि ज्या चलाचा सहगुणक आपल्याला वाचायचाच नाही, जो केवळ नियंत्रणासाठी घेतला आहे, त्याचा व्हीआयएफ कितीही असो.

चौथी तपासणी: समीकरणाबाहेर काय राहिले (सर्वांत अवघड)

ही तपासणी अवघड का, तर तिच्यासाठी संगणकात आज्ञा नाही. विद्यार्थी अवशेषांचा आलेख पोत्यांसमोर मांडतात, त्यात काही कल दिसत नाही, आणि "सर, काही वगळलेलं नाही" असे सांगतात. किमान वर्ग पद्धत अवशेष काढतानाच ते समीकरणातील प्रत्येक चलाशी असंबद्ध असतील अशी बांधणी करते. त्यामुळे या आलेखात सरळ कल कधीच दिसणार नाही, दोष असो वा नसो. वरच्या उदाहरणात पाळ्या काढल्यावरही अवशेष पोत्यांसमोर निर्मळ दिसतात. रॅमसे यांची रिसेट चाचणीसुद्धा मुख्यतः वक्रतेची चाचणी आहे. सरळ रेषेत बांधलेला वगळलेला चल तिच्या जाळ्यातून सहज निसटतो.

म्हणून कागद घ्यावा आणि उत्पादनावर परिणाम करणाऱ्या, पण समीकरणात नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. प्रत्येकीपुढे दोन प्रश्न: तिने उत्पादन वाढते की घटते, आणि ती जास्त खत घालणाऱ्याकडे जास्त असते की कमी? दोन्ही उत्तरे एकाच दिशेची असतील तर सहगुणक वर झुकतो, उलट दिशेची असतील तर खाली. खोडव्याचे उदाहरण घ्या. खोडव्याने उत्पादन घटते, आणि शेतकरी खोडव्याला पोतीही कमी घालतो. दोन्ही उणे, म्हणून खताचा सहगुणक फुगतो. समजा पाणी तेवढेच असताना खोडव्याने 8 टन घटतात आणि एका पोत्यामागे खोडव्याचे प्रमाण 0.05 ने कमी होते. तर झुकाव 0.4 टनांचा, 1.5 च्या जागी 1.9. हा चल मोजता येतो, एका प्रश्नाने मिळतो, तरीही निम्म्या प्रश्नावल्यांत नसतो.

जमीन अधिक पेचाची आहे. कृष्णाकाठचे खोल काळे रान आणि खानापूरकडची जांभी, निचऱ्याची जमीन यांत खताची मात्रा आणि उत्पादन दोन्ही वेगळी असतात. गावाचा किंवा मातीचा रकाना घालून हे बरेचसे सावरते, पण त्याने पुन्हा सहसंबंध वाढतो आणि प्रमाण त्रुटी फुगते. ती किंमत मोजावी.

याउलट काही चल घालायचेच नसतात. उसाची जाडी, कांड्यांची संख्या, फुटव्यांची संख्या या गोष्टी उत्पादनाशी घट्ट जोडलेल्या असतात, म्हणून विद्यार्थी उत्साहाने त्या घालतात आणि आर-वर्ग वाढल्यावर खूश होतात. पण खताचा परिणाम याच वाटेने उत्पादनापर्यंत पोहोचतो. जाडी स्थिर ठेवून खताचा परिणाम विचारणे म्हणजे खताने जे केले ते वगळून उरलेले विचारणे.

शेवटी उरते ते न मोजता येणारे: निगराणी, तण वेळेवर काढणे, रानात रोज फेरी मारणे. येथे एक उलटी आकडेमोड करता येते. 1.5 टनांचा सगळा परिणाम पुसून टाकायचा असेल तर निगराणीचा उत्पादनावरील परिणाम गुणिले तिची पोत्यांशी असलेली बांधणी, पाळ्या समीकरणात ठेवून, 1.5 व्हायला हवी. एका पोत्यामागे चांगल्या निगराणीच्या शेतकऱ्यांचे प्रमाण 0.1 ने वाढते असे धरले, तर नुसत्या निगराणीने एकरी 15 टनांचा फरक पडला पाहिजे. हे शक्य आहे का, ते गावातील चार जाणत्यांना विचारावे आणि प्रबंधात तसे लिहावे.

येथे थांबा आणि जाणकार गाठा

पाच-सहा गावांतून प्रत्येकी दहा शेतकरी घेतले असतील तर `HC3`वर विसंबू नये. एका उपसा योजनेवरच्या दहा शेतांचे नशीब एकच असते, योजना बंद पडली की दहाही खाली जातात, आणि मग तुमच्या 60 नोंदी 60 स्वतंत्र नोंदी राहत नाहीत. गावांनुसार गट करून प्रमाण त्रुटी काढण्याची पद्धत आहे, पण तिला गट पुष्कळ लागतात. सहा गटांवर तीही त्रुटी कमी दाखवते, आणि त्यावरचे उपाय घरगुती नाहीत. तसेच, खताची मात्रा शेतकऱ्याने पिकाची अवस्था पाहून ठरवली असेल, म्हणजे ऊस पिवळा पडला म्हणून जास्तीचे पोते घातले असेल, तर कारण आणि परिणाम उलटसुलट झालेले असतात आणि कोणताही रकाना घालून ते सुटत नाही. तिसरी वेळ म्हणजे मुख्य वगळलेला चल मोजताच येत नाही आणि वरच्या उलट्या आकडेमोडीत तो परिणाम पुसू शकतो असे दिसते. तेव्हा एकाच शेताच्या अनेक वर्षांच्या नोंदी किंवा प्रत्यक्ष प्रयोगाचे प्लॉट लागतात.

अशा वेळी विद्यापीठातील संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाकडे किंवा कृषी संशोधन केंद्रातील प्रयोगांची आखणी करणाऱ्याकडे जावे, आणि तेही दुसऱ्यांदा सर्वेक्षणाला निघण्यापूर्वी. सोबत न्यायचे ते ताऱ्यांचे तक्ते नव्हेत. मूळ भरलेल्या प्रश्नावल्या, कोणत्या गावात कोणती एकके वापरली याची टीप, शेतकरी कसे निवडले याचे दोन परिच्छेद, आणि वगळलेल्या चलांचा तो हाताने लिहिलेला कागद.